क्लिनिकसाठी रिसेप्शनिस्ट पाहिजे: जाहिरातीतली वेळेची ओळ आधी नीट लिहा

प्रश्न: नाशिकला इंदिरानगरमध्ये माझं छोटं क्लिनिक आहे. ओपीडी सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ५:३० ते ९. रिसेप्शनिस्टसाठी दोनदा जाहिरात टाकली. फोन ढीगभर आले, पण चार महिन्यांत दोघी सोडून गेल्या. आठ-दहा ओळींचीच जाहिरात हवी आहे. भाषा, ड्युटीची वेळ आणि अर्ज कसा करायचा हे नेमकं कसं लिहू? आधीची अशी होती: "पाहिजे: स्मार्ट, अनुभवी रिसेप्शनिस्ट (मुलगी). मराठी, हिंदी, इंग्रजी फ्लुएंट. कॉम्प्युटर आवश्यक. वेळ क्लिनिकप्रमाणे. पगार योग्यतेनुसार. संपर्क: क्लिनिकचा नंबर."

उत्तर:

डॉक्टर, "वेळ क्लिनिकप्रमाणे" हे लिहिलंत तेव्हाच त्या दोघींचा राजीनामा लिहून झाला होता. मी स्वतः सात वर्षं काउंटरवर बसले आहे आणि आता चार-पाच छोट्या दवाखान्यांसाठी माणसं निवडून देते. सोडून गेलेल्या मुलींशी मी आवर्जून बोलते. पगाराचं कारण त्या डॉक्टरांना सांगतात, कारण ते सांगायला सोपं असतं. मला सांगतात ते दुपारचं.

तुमच्या वेळा एकदा तुमच्या खुर्चीतून न बघता तिच्या चपलेतून बघा. कागदावर साडेसात तासांचं काम आहे. पण ओपीडी १० ला सुरू व्हायची तर तिला ९:४५ ला कुलूप उघडून, पंखे-दिवे लावून, नंबरांची वही काढून बसावं लागतं. दुपारी २ ला शेवटचा पेशंट आत जातो, बाहेर येतो सव्वादोनला, त्याचे पैसे, पुढची तारीख, आवराआवर यात अडीच वाजतात. संध्याकाळी पुन्हा सव्वापाचला हजर. रात्री ९ नंतर गल्ला मोजून ती निघते तेव्हा सव्वानऊ झालेले असतात. म्हणजे घरातून सकाळी नऊच्या आसपास निघालेलं माणूस रात्री पावणेदहाला घरी. पगार साडेसात तासांचा आणि दिवस पावणेतेरा तासांचा.

मधले पावणेतीन तास तिचे असतात असं आपल्याला वाटतं. पाथर्डी फाट्याला किंवा राणेनगरला राहत असेल तर खरंच असतात. ती घरी जाईल, जेवेल, मुलाला शाळेतून आणेल. पण तीच मखमलाबादहून येत असेल तर गाडी बदलायची, द्वारकेच्या सिग्नलला अडकायचं, आणि घरी पोचून ताट वाढेपर्यंत परत निघायची वेळ. शिवाय फेऱ्या दोनऐवजी चार. एका फेरीला २५ रुपये धरले तर दिवसाचे १००, महिन्याच्या २६ दिवसांचे २,६००. हे पैसे जाहिरातीत कुठे दिसत नाहीत, पण पहिल्या महिन्याच्या अखेरीस तिला बरोबर दिसतात.

मग ती क्लिनिकमध्येच थांबायला लागते. माझ्या पहिल्या नोकरीत मीही थांबायचे. डॉक्टर भले होते, पण जाताना वीज वाचवायला मेन स्विच बंद करून जायचे. एप्रिल-मे महिन्यात इंजेक्शनच्या खोलीत दोन खुर्च्या जोडून मी वर्तमानपत्राने वारा घेत पडायचे. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं आणि मला सांगायचा संकोच. सोडताना मी "घरचं कारण आहे" असंच सांगितलं.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. कोणता घ्यायचा हे ठरवल्याशिवाय जाहिरातीची एक ओळही लिहू नका.

पहिला रस्ता: एकच व्यक्ती, दोन्ही वेळा. मग जाहिरातीत दोन्ही वेळा आकड्यांत लिहायच्या, दुपारची सुट्टी लिहायची आणि "इंदिरानगर, राणेनगर, पाथर्डी फाटा, वडाळा परिसरात राहणाऱ्यांना प्राधान्य" ही ओळ घालायचीच. या ओळीने अर्ज कमी येतील. येऊ देत. तुम्हाला टिकणारी एकच पाहिजे.

दुसरा रस्ता: दोन माणसं, दोन शिफ्ट. माझं मत याच बाजूला आहे. सकाळच्या शिफ्टला मुलं शाळेत घालून मोकळ्या होणाऱ्या बायका मिळतात, नोकरी सोडून पाच-सहा वर्षं झालेल्या, समंजस आणि अनुभवी. त्या पूर्ण दिवसाच्या जाहिरातीला फोनच करत नाहीत. संध्याकाळी बी.कॉम., बी.ए. करणारी मुलं-मुली मिळतात. हिशोब करून बघा. आज एकीला १५,००० देत असाल आणि उद्या दोघांना प्रत्येकी ८,५०० दिलेत तर खर्च १७,०००, म्हणजे महिन्याला २,००० जास्त. त्या बदल्यात एक आजारी पडली तर दुसरी येते आणि क्लिनिक उघडं राहतं. चार महिन्यांत दोनदा नवीन माणूस शिकवताना तुमची किती संध्याकाळ गेली, ते या २,००० शेजारी मांडा. पगाराचा आकडा पक्का करण्याआधी आपल्या भागातला किमान वेतनाचा चालू दर बघून घ्या. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षी ऐकलेला आकडा उपयोगाचा नसतो.

दोन माणसांचा तोटाही सांगते. सकाळची जाते अडीचला, संध्याकाळची येते सव्वापाचला, दोघींची गाठच पडत नाही. सकाळी कुणाला तरी "संध्याकाळी रिपोर्ट घेऊन या, लगेच आत सोडते" असं सांगितलेलं असतं आणि संध्याकाळचीला त्याचा पत्ता नसतो. मग बाहेर आवाज चढतो. यावर उपाय एक वही: कोण परत येणार आहे, कुणाचा रिपोर्ट लॅबमधून यायचा आहे, कुणाचे किती पैसे बाकी आहेत. आणि गल्ला प्रत्येकीने आपापल्या शिफ्टचा मोजून लिहायचा. ही वही पाळली नाही तर दोन माणसांची पद्धत महिन्याभरात मोडते.

रात्रीच्या वेळेबद्दल एक. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात महिलांच्या कामासाठी रात्री साडेनऊची रेघ आहे. त्यापुढे त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. तुमच्याएवढ्या छोट्या क्लिनिकला त्या कायद्यातली बरीच कलमं लागू होत नाहीत, पण रेघ शहाणपणाची आहे. म्हणून जाहिरातीत "रात्री ९:१५ ला सुट्टी" असं लिहा आणि पावसाळ्यात तापाची साथ आली तरी ते पाळा. सव्वानऊनंतर पेशंट राहिले तर त्यांचे पैसे तुम्ही स्वतः घ्या. पहिल्या आठवड्यात ती दहाला घरी पोचली की तिचे वडील किंवा नवरा दुसऱ्या आठवड्यात गाडी घेऊन बाहेर उभे राहतात, आणि तिसऱ्यात ती येत नाही.

आता भाषा. "मराठी, हिंदी, इंग्रजी फ्लुएंट" ही ओळ सगळेच लिहितात आणि तिच्यामुळे चांगली माणसं गळतात. मराठी माध्यमातून शिकलेली, काउंटरवर दहा माणसं शांतपणे सांभाळू शकणारी बाई "इंग्रजी फ्लुएंट" वाचून फोन ठेवून देते. तुमच्या काउंटरवर इंग्रजी किती बोललं जातं, ते चार दिवस मोजून पाहा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, तेही आयटीवाला एखादा तरुण, आणि त्याला हिंदी येतंच. इंग्रजी वाचायला मात्र लागतं. औषधांची नावं, लॅबच्या रिपोर्टवरचं शीर्षक, पेशंटच्या नावाचं स्पेलिंग, मेडिक्लेमचा कागद. म्हणून "इंग्रजी वाचता व टाइप करता येणे आवश्यक" एवढंच लिहा. बोलण्याचं नाव काढू नका.

हिंदी मात्र बोलायला हवं. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीतले उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार सिडको-इंदिरानगरच्या दवाखान्यांत येतात. त्यांना "आपका नंबर बारहवाँ है, आधा घंटा लगेगा" हे न चिडता सांगता आलं पाहिजे. अहिराणी समजत असेल तर तो बोनस. सटाणा, मालेगाव, कळवण भागातून मुलांकडे राहायला आलेले आई-वडील तुमच्याकडे येतच असतील. म्हातारी माणसं दुखणं सांगताना आपल्या बोलीवर जातात. "अहिराणी समजत असल्यास उत्तम" असं लिहिलं की तिकडच्या मुली हुरूपाने अर्ज करतात, हा माझा अनुभव. आवश्यक मात्र म्हणू नका.

मराठीबद्दल जाहिरातीत एकच शब्द पुरे, पण मुलाखतीत मराठीचीच परीक्षा घ्या, आणि ती आकड्यांची. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलींचं बोलणं छान असतं, पण मराठी आकडे कच्चे असतात. आजोबा मोबाइल नंबर जोडीजोडीने सांगतात: "त्र्याण्णव, एकोणसाठ, सदुसष्ट..." आणि ही लिहिते त्र्याण्णव, एकोणसत्तर, सत्याहत्तर. नंबर चुकला की रिपोर्ट आल्याचा फोन तिसऱ्याच माणसाला जातो. वय एकोणऐंशीचं एकोणनव्वद होतं आणि ते तुमच्या केसपेपरवर तसंच राहतं. म्हणून मी समोर बसवून, जरा भरभर, असे दोन नंबर आणि तीन वयं सांगते आणि लिहायला लावते. शंका आली की "परत सांगता का?" असं विचारणारीला मी जास्त मार्क देते. न विचारता चुकीचं लिहिणारी काउंटरवर धोक्याची.

अर्जाचं बोलू. क्लिनिकचा नंबर जाहिरातीत देणं ही तुमची दुसरी मोठी चूक. त्या आठवड्यात नंबर लावणाऱ्या पेशंटना तुमचा फोन लागत नसणार. आणि ही जाहिरात मरत नाही. एका डॉक्टरांची जाहिरात सोसायटीच्या ग्रुपांवर फिरत फिरत दीड वर्षाने परत उगवली. तारीख नव्हती, त्यामुळे लोकांनी ती ताजी समजली आणि ऐन दिवाळीत फोन सुरू झाले. एक वेगळं सिम घ्या, त्यावर फक्त व्हॉट्सॲप, आणि जाहिरातीत शेवटची तारीख वर्षासकट लिहा.

"बायोडाटा पाठवा" एवढंच लिहिलं तर सायबर कॅफेत बनवलेला एकच साचा पन्नास वेळा येतो: जन्मतारीख, धर्म, छंद वाचन. त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी मेसेजमध्ये चार गोष्टी मागा: नाव, राहण्याचा भाग, आधी कुठे व किती दिवस काम केलं, आणि कोणती शिफ्ट. चारच गोष्टी आहेत, पण निम्म्याहून जास्त लोक "hi job available?" एवढंच पाठवतात. जाहिरात नीट वाचून चारही गोष्टी लिहिणारी व्यक्ती पेशंटचा कागदही नीट वाचते, असा माझा अनुभव आहे. तुमची अर्धी चाळणी तिथेच होते.

त्यातून सात-आठ जणी निवडा आणि तुम्हीच फोन करा, दुपारी ३ ते ४ मध्ये. कधी फोन येणार हे जाहिरातीत आधी लिहून ठेवा, म्हणजे त्या फोनजवळ असतात. दोन मिनिटं बोलताना कान उत्तराकडे कमी आणि आवाजाकडे जास्त ठेवा. मागे टीव्ही चालू असताना ती बाजूला जाऊन बोलते का, तुमचं वाक्य पूर्ण होऊ देते का. दिवसभर हेच काम आहे तिचं. मग तिघींना क्लिनिकमध्ये बोलवा. फोटो, आधार कार्डाची प्रत यातलं काही व्हॉट्सॲपवर मागू नका. मुलींच्या घरच्यांना ते खटकतं आणि ते बरोबरच आहे. "कोणतीही फी नाही" ही ओळ मात्र घाला. नोकरीच्या नावाखाली फॉर्मचे, ड्रेसचे पैसे उकळणारे इतके आहेत की ही ओळ नसेल तर सावध माणसं अर्जच करत नाहीत.

हे सगळं धरून, दोन शिफ्टचा रस्ता घेतलात तर जाहिरात अशी होईल:

> रिसेप्शनिस्ट पाहिजे – २ जागा (सकाळ १, संध्याकाळ १)
> जनरल क्लिनिक, इंदिरानगर, नाशिक
> सकाळ: ९:४५ ते २:३०. संध्याकाळ: ५:१५ ते ९:१५. एकच शिफ्ट करायची आहे. रविवारी सुट्टी.
> काम: नंबर लावणे, फोन घेणे, केसपेपर काढणे, पैसे घेऊन पावती देणे.
> भाषा: मराठी व हिंदी बोलता येणे, इंग्रजी वाचता व टाइप करता येणे आवश्यक. अहिराणी समजत असल्यास उत्तम.
> शिक्षण १२ वी. अनुभव नसला तरी चालेल, १५ दिवस शिकवू. शिकतानाही पूर्ण पगार.
> पगार: ८,५०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला.
> परिसरात राहणाऱ्यांना प्राधान्य.
> अर्ज: व्हॉट्सॲपवर (वेगळ्या सिमचा नंबर) नाव, राहण्याचा भाग, आधीचे काम आणि हवी ती शिफ्ट लिहून पाठवा. कृपया फोन करू नका. निवडलेल्यांना दुपारी ३ ते ४ मध्ये फोन येईल.
> शेवटची तारीख: (तारीख, महिना, वर्ष). कोणतीही फी नाही.

रविवारची सुट्टी मी धरून चालले आहे. तुम्ही रविवारी सकाळी दोन तास बसत असाल तर तेही लिहा, आणि दोघींनी आळीपाळीने यायचं की कसं हेही. लपवलेला रविवार लपवलेल्या दुपारइतकाच महाग पडतो.

काय काढलं तेही बघा. "स्मार्ट" गेलं, कारण नाशिकमध्ये या शब्दाचा अर्थ सगळ्यांना "दिसायला बरी" असाच लागतो आणि ज्यांना तो खटकतो त्या अर्ज करत नाहीत. "मुलगी" गेलं. भरतीत स्त्री-पुरुष असा भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती आणि नव्या वेतन संहितेतही ती आहे. तो मुद्दा सोडला तरी संध्याकाळच्या शिफ्टला कॉलेजचा मुलगा उत्तम चालतो, तुम्ही ते दार उगीच बंद करत होतात. "कॉम्प्युटर आवश्यक" गेलं, त्याजागी "टाइप करता येणे" आलं, कारण एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट प्रत्येकीकडे असतं आणि त्यावरून पेशंटचं नाव किती वेगाने टाइप होईल ते कळत नाही. "त्र्यंबक रघुनाथ" असं एखादं नाव समोर टाइप करायला लावा, कळेल. "पगार योग्यतेनुसार" तर सगळ्यात आधी काढलं. आकडा नसला की लोक तो कमीच असणार असं धरतात.

ही जाहिरात मजकूर म्हणूनच पाठवा, रंगीत चित्र करून नको. चित्रातला नंबर दाबून मेसेज करता येत नाही, शिवाय पुढे पाठवताना चित्र धुरकट होत जातं. एक प्रिंट काढून तुमच्या बाकांसमोर लावा आणि एक शेजारच्या मेडिकलवाल्याकडे. माझ्या टिकलेल्या माणसांपैकी बरीच अशीच आली: एखाद्या पेशंटची सून, मेडिकलवाल्याच्या ओळखीची मुलगी. जवळच राहणारी आणि डॉक्टर कसे आहेत ते आधीच माहीत असलेली. देशदूत, लोकमत, सकाळ यांच्या छोट्या जाहिरातीत द्यायची असेल तर तिथे शब्द किंवा ओळी मोजून पैसे लागतात. तेव्हा कामाचं वर्णन आणि अहिराणी गाळा, पण वेळा, पगार आणि तारीख गाळू नका.

निवड झाली की पहिले तीन दिवस तिला पगारी बसवा आणि तिसऱ्या दिवशी, अडीच वाजता ती पर्स उचलत असताना, "वेळ जमतेय का?" असं विचारा. तेव्हा जे उत्तर येतं ते मुलाखतीतल्या उत्तरापेक्षा खरं असतं. जमत नसेल तर उरलेल्यांचे मेसेज तुमच्या त्या वेगळ्या सिमवर असतीलच. जमत असेल तर त्यांना "जागा भरली, धन्यवाद" असं कळवा, ग्रुपवरही तसंच टाका, आणि बाकांसमोरचा कागद काढून घ्या.